हे दिसीन कसं बे? : स्क्रिप्टमधलं सीनचं वर्णन

अमरावतीच्या एका मित्राने आठ मिनिटांची शॉर्टफिल्म लिहिलीये. त्यातल्या पहिल्या सीनचं वर्णन जसंच्या तसं वाचतो.

“अकोला एसटी स्टँड. दुपार. तीन वर्षांच्या नापिकीने खचलेला प्रकाश बँकेतून रिकाम्या हाताने परतलाय. त्याला गेलेल्या वडिलांची आठवण येते. घरी कोणत्या तोंडाने जायचं, हा विचार त्याला छळतो.”

वाचणाऱ्याला सगळं कळतं. पण कॅमेऱ्यात काय येणार? बाकावर तोंड पाडून बसलेला एक माणूस. आमच्या अकोल्याच्या पोराने लगेच विचारलं, “हे दिसीन कसं बे?”

मग आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. ‘आठवण येते’, ‘विचार छळतो’, ‘परतलाय’, ‘तीन वर्षांच्या’ या सगळ्यांखाली रेघ मारली. पडद्यावर फक्त दिसतं आणि ऐकू येतं, आणि तेही आत्ता घडतंय तेवढंच. म्हणून वर्णन वर्तमानकाळात लिहायचं. बरीच खटपट करून हे जमलं :

“अकोला एसटी स्टँड. दुपार.

बाकावर प्रकाश (३५). मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तो कागद काढतो. सातबारा. आधारची झेरॉक्स. तिसऱ्या कागदावर हात थांबतो. मथळा : मृत्यू प्रमाणपत्र. तो कागद तो सगळ्यात खाली सरकवतो.

कंडक्टरची हाक : दर्यापूऽर, दर्यापूऽर!

प्रकाश मान वर करतो. उठत नाही.

बस निघून जाते.”

‘उठत नाही’ हे शब्द बघा. न घडलेली गोष्ट दिसते का? दिसते, पण हाक आधी आली आणि त्याने मान वर केली म्हणून. हाक काढून टाका, की तो नुसता बसलेला माणूस होतो.

प्रमाणपत्राचा फक्त मथळा घेतला, कारण मोबाईलवर बारीक अक्षर कोणी वाचत नाही. तरी कागद कोणाच्या वडिलांचा, हे त्यातून कळत नाहीच. ते आणि नापिकी पुढच्या सीनमध्ये बायकोच्या तोंडी एका वाक्यात टाकलं. सगळं एकाच वर्णनात कोंबायचा हट्ट सोडला.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) बघा. विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तेच करेल, ही बायकोची भीती. ती दिसते कशी? ती पोराला बापाच्या मागे मागे पाठवते.

आणि हो, विशेषणांशी वैर धरू नका. ‘दमलेला’, ‘घाबरून’ हे नटाला करून दाखवता येतं, ते खुशाल ठेवा. ‘खचलेला’सुद्धा चालला असता. अडचण ‘तीन वर्षांच्या नापिकीने’ची होती.