अक्षर अक्षर जोडत डीएनएचे वाचन

इल्युमिना कंपनीच्या यंत्रांत डीएनएचे लहान तुकडे वाचण्याची जी पद्धत वापरतात, तिचा पाया केंब्रिजमधील शंकर बालसुब्रमण्यम आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी घातला. या पद्धतीत डीएनएचा नवा धागा तयार होत असतानाच त्याची अक्षरे वाचली जातात.

आधी डीएनएचे काहीशे अक्षरांचे तुकडे करतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना ॲडॉप्टर नावाचे ठरावीक तुकडे जोडतात. फ्लो सेल या काचेच्या पट्टीवर ॲडॉप्टरशी जुळणारे आखूड धागे रोवलेले असतात. तुकडा त्यांना चिकटतो आणि तिथल्या तिथे त्याच्या शेकडो प्रती तयार होतात. हा पुंजका म्हणजे क्लस्टर. एका रेणूचा प्रकाश कॅमेऱ्याला पकडता येण्याइतका नसतो, पुंजक्याचा असतो.

मग वाचन सुरू होते. अक्षरांना चमकणारे रंगद्रव्य आणि पुढची वाढ रोखणारा अडसर जोडलेला असतो. त्यामुळे एका फेरीत प्रत्येक धाग्यावर एकच अक्षर बसते. यंत्र छायाचित्र घेते, रंगद्रव्य व अडसर काढून टाकते आणि पुढची फेरी सुरू होते. दर फेरीत काही धागे मागे पडतात, तर काही पुढे जातात. मग पुंजक्याचा रंग गढूळ होतो आणि वाचन अविश्वसनीय ठरू लागते. वाचन काहीशे अक्षरांतच थांबवावे लागते ते यामुळेच.

एका टोकाचे वाचन संपले की तयार झालेला धागा धुऊन काढतात, पुंजक्यात पूरक धागे तयार करतात आणि दुसऱ्या टोकाकडून वाचतात. ४०० अक्षरांच्या तुकड्याची दोन्ही टोके १५० अक्षरांपर्यंत वाचली, तर मधली १०० अक्षरे न वाचलेली राहतात, पण दोन्ही टोकांमधले अंतर साधारण ठाऊक असते. एक टोक जनुकसंचात अनेक ठिकाणी आढळणाऱ्या भागात पडले, तरी दुसऱ्यावरून तुकड्याची जागा ठरवता येते.

एकाच पट्टीवर अनेक नमुने वाचायचे असल्यास प्रत्येकाच्या ॲडॉप्टरमध्ये इंडेक्स ही ओळखखूण घालतात. मिश्रणात मोकळे ॲडॉप्टर उरले असतील, तर प्रती बनताना एखादा ॲडॉप्टर दुसऱ्या नमुन्याच्या तुकड्यावर बसतो आणि नव्या प्रतीवर चुकीची खूण येते. यालाच इंडेक्स हॉपिंग म्हणतात. ठरावीक जागी खड्डे कोरलेल्या पट्ट्यांवर हे अधिक घडते. तिथे साधारण ०.१ ते २ टक्के तुकड्यांची खूण बदलू शकते.

समजा, एका रुग्णाच्या गाठीतल्या नमुन्यात एक उत्परिवर्तन ठळक आहे. त्याचे मोजके तुकडे शेजारच्या नमुन्याच्या नावावर गेले, तर त्या रुग्णातही ते अल्प प्रमाणात असल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना स्वतंत्र खुणा देणे. पहिल्या नमुन्याची जोडी क१–ख१ आणि दुसऱ्याची क२–ख२ असेल, तर क१–ख२ ही जोडी कुठल्याच नमुन्याची नसते. असे तुकडे वगळले जातात आणि त्यांच्या संख्येवरून हॉपिंग किती झाले तेही कळते. दोन्ही खुणा एकाच वेळी बदलल्या तर मात्र चूक लपून राहते, पण तसे क्वचितच होते. म्हणूनच नमुने एकत्र करण्याआधी मोकळे ॲडॉप्टर धुऊन काढतात आणि मिश्रण फार काळ साठवून ठेवत नाहीत.