कोडिंग शिकायचे, तर गणित किती हवे?

दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एक सवाल हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला गणितात पन्नासच्या आसपास गुण मिळालेले असतात आणि तिला कोडिंग शिकायची हौस असते. अब्बा म्हणतात, "गणित कच्चे आहे, हे तुझे काम नव्हे." शेजारचे कुणी सांगतात, "आधी अकरावी-बारावीचे गणित पक्के कर, मग कॉम्प्युटरला हात लाव." आम्हाला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. त्याचे कारण एका छोट्या प्रोग्रामच्या आधाराने पाहू.

वीजबिल सर्वांच्या ओळखीचे आहे. जितके युनिट जास्त, तितका पुढच्या टप्प्याचा दर चढा. हिशेब सोपा राहावा म्हणून आम्ही दर आमच्या मनाने धरतो: पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला 10 रुपये. एका घरात 250 युनिट वीज जळाली. पहिल्या 100 युनिटांचे 400 रुपये, उरलेल्या 150 युनिटांचे 1500 रुपये, एकूण 1900 रुपये. हेच पायथॉन भाषेत असे लिहितात:

```python
units = 250
if units <= 100:
    bill = units * 4
else:
    bill = 100 * 4 + (units - 100) * 10
print(bill)
```

यात गणित कोणते आले? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, कंस आणि "पेक्षा कमी किंवा तितकेच" ही तुलना. सातवीच्या पुस्तकापलीकडचे काहीच नाही. तरीही नवशिके इथे चुकतात. पुष्कळ जण `else` खाली नुसते `units * 10` लिहितात. मग 250 युनिटांचे बिल 2500 रुपये निघते आणि ते खरेही वाटते, कारण कॉम्प्युटर तक्रार करत नाही.

ही चूक पकडायची रीत म्हणजे हद्दीवरचे आकडे घालून पाहणे. 100 युनिटांना 400 रुपये येतात. 101 युनिटांना 410 यायला हवेत. चुकीचा प्रोग्राम तिथे 1010 दाखवतो. एका युनिटासाठी बिल सहाशे दहा रुपयांनी वाढले, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे. हा विचार ज्याला सुचतो, त्याचे सुरुवातीचे गणित पुरेसे आहे. उत्तर अंदाजाने आधी ठरवता येणे हे सूत्रे पाठ असण्यापेक्षा इथे जास्त उपयोगी पडते. तीन विषयांचे गुण 60, 70 आणि 80 असतील आणि सरासरीसाठी कुणी `60 + 70 + 80 / 3` लिहिले, तर उत्तर 156.67 येते, कारण भागाकार आधी होऊन फक्त 80 ला 3 ने भाग जातो. सरासरी सर्वांत मोठ्या गुणापेक्षा मोठी असूच शकत नाही, एवढे ज्याला खटकले तो कंस कुठे राहिला ते शोधून काढतो.

उलट, शाळेत गणित चांगले असलेली मुले दोन खुणांपाशी अडखळतात. पहिली खूण `=`. बीजगणितात x = x + 1 हे अशक्य आहे. प्रोग्रामात मात्र `x = x + 1` रोज लिहावे लागते. तिथे त्याचा अर्थ "दोन्ही बाजू समान आहेत" असा नसून "x च्या डब्यात आहे त्यात एक मिळवा आणि तोच डबा नव्या आकड्याने भरा" असा आहे. समान आहे का, हे विचारायला `==` ही वेगळी खूण असते. दुसरी खूण `%`. ती शेकडेवारीची नव्हे, भागाकारातल्या बाकीची आहे. 135 मिनिटांचे तास आणि मिनिटे करायची तर `135 // 60` लिहिल्यावर 2 मिळतात आणि `135 % 60` लिहिल्यावर 15. चौथीतला बाकी उरणारा भागाकार इथे सतत कामाला येतो: संख्या सम की विषम, यादीतली प्रत्येक पाचवी ओळ कोणती, वगैरे.

याच्या जोडीला "आणि" व "किंवा" यांची समज हवी. समजा, 5 वर्षांपेक्षा लहान मुलांना आणि 65 वर्षांपेक्षा मोठ्या माणसांना तिकीट माफ आहे. बोलताना आपण "आणि" म्हणतो. पण प्रोग्रामात `age < 5 and age > 65` लिहिले, तर सवलत कुणालाच मिळणार नाही. एकच माणूस पाचच्या आत आणि पासष्टच्या पुढे कसा असेल? तिथे `or` हवे. पहिल्या काही महिन्यांत बीजगणितापेक्षा हीच समज जास्त घासून घ्यावी लागते.

मग बाकीचे गणित कधी लागते? ते कामावर ठरते. वेबसाइट, दुकानाचा हिशेब, फी किंवा हजेरीची नोंद, एवढेच करायचे असेल तर वर सांगितलेले बहुधा पुरते. गेम बनवायचा असेल तर दोन वस्तूंमधले अंतर काढायला पायथागोरसचा सिद्धांत लागतो आणि चेंडू तिरका उडवायला त्रिकोणमिती. प्रतिमा फिरवणे, त्रिमितीय चित्रे काढणे यांना मॅट्रिक्स हवे. माहितीच्या ढिगातून निष्कर्ष काढायचे तर संख्याशास्त्र आणि संभाव्यता. कलनशास्त्राची, म्हणजे कॅल्क्युलसची, गाठ मुख्यतः मशीन लर्निंग खोलात शिकताना किंवा भौतिक हालचाली मोजताना पडते. हे सगळे आधी उरकून मग कोडिंगकडे वळू म्हणणारी मुले बहुतेक वाटेतच कंटाळतात.

एक विषय मात्र सर्वांनाच लागतो, पण सुरुवातीला नव्हे. तो म्हणजे काम वाढले की वेळ किती वाढेल याचा अंदाज. 1000 नावांच्या यादीत प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून पाहिले, तर 4,99,500 वेळा तुलना होते. यादी दुप्पट केली, तर तुलना जवळजवळ चौपट. उलट, यादी अकारविल्हे लावलेली असेल आणि दर खेपेला मधले नाव पाहून अर्धी यादी वगळली, तर हवे ते नाव 10 खेपांत सापडते, कारण 2 ला दहा वेळा गुणले की 1024 होतात. पाच-सहा महिने छोटे प्रोग्राम लिहून झाले की हे शिकावे, म्हणजे ते कशासाठी हे आपोआप उमगते.

कॉलेजचा प्रवेश ही यापेक्षा निराळी गोष्ट आहे, एवढे ध्यानात ठेवावे. कॉम्प्युटर अभियांत्रिकीच्या सीईटीत गणिताचा पेपर असतो आणि पदवीतही गणिताचे विषय येतात. तिकडे जायचे तर बारावीचे गणित सोडून चालणार नाही. घरी कोडिंग सुरू करण्यासाठी मात्र त्याची वाट पाहायची गरज नाही.

मुलांची तयारी पाहायची असेल तर कागदावर तीन गोष्टी करायला सांगा. 200 मिनिटांचे तास व मिनिटे काढणे. वरच्या दरांनी 100, 101 आणि 300 युनिटांचे बिल काढणे. आणि तिकीट माफ *नसलेली* माणसे नेमकी कोणती, हे एका वाक्यात लिहिणे. उत्तरे अशी: 3 तास 20 मिनिटे, 400, 410 आणि 2400 रुपये, ज्यांचे वय 5 किंवा जास्त *आणि* 65 किंवा कमी आहे ती माणसे. शेवटच्या उत्तरात "किंवा"चे "आणि" झाले, हे मुलीने स्वतःहून ओळखले तर तिला कॉम्प्युटरपाशी बसू द्या. अडली, तर अकरावीचे पुस्तक आणण्याऐवजी असलीच आणखी दहा उदाहरणे तिच्याकडून करून घ्या.