गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर पाळी कधी येते? किती दिवस वाट पाहायची?

गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो. अनेकींना ती पाळी वाटते. प्रत्यक्षात गोळीतले हार्मोन बंद झाल्याने गर्भाशयाचं अस्तर गळून पडलेलं असतं. नैसर्गिक पाळी स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडल्यावर, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी येते.

समजा, शेवटची गोळी १ जूनला घेतली आणि ४ जूनला रक्तस्राव झाला. मग खरी पाळी जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत अपेक्षित असते. पहिले तीन महिने तारखा मागेपुढे होऊ शकतात.

ऑगस्टअखेरपर्यंत पाळी आलीच नाही, तर तपासणी करावी. आधी गर्भचाचणी, कारण पहिल्या पाळीपूर्वीच स्त्रीबीज बाहेर पडून गर्भधारणा होऊ शकते. ती निगेटिव्ह असल्यास डॉक्टर थायरॉइड, प्रोलॅक्टिन या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी सुचवतात.

गोळ्यांआधीच पाळी ४५-५० दिवसांनी येत असेल, तर तीन महिने थांबू नये. गोळीने महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, पण पीसीओएससारखं मूळ कारण फक्त झाकलं जातं. गोळी थांबली की ते पुन्हा दिसू लागतं.