आधी मीटर, मग कारण: जिनिंगच्या ओलाव्यातून उलगडणारे सिक्स सिग्माचे पाच टप्पे

गिरणाकाठच्या भडगाव भागात दिवाळीच्या सुमारास जिनिंगमध्ये नवा कापूस येऊ लागतो. सकाळी वेचलेल्या मालात दव असते आणि ओलाव्याच्या नावाखाली शेतकऱ्याचा भाव कापला जातो. म्हणून सिक्स सिग्माचे पाच टप्पे समजून घ्यायला ओलाव्याचेच उदाहरण घेतो. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत.

क्वालिटीच्या परीक्षांत एक प्रश्न हटकून येतो: पाच कामे उलटसुलट दिलेली असतात, ती डीएमएआयसीच्या क्रमाने लावायची. डिफाइन, मेझर, अ‍ॅनालाइझ, इम्प्रूव्ह, कंट्रोल ही नावे पाठ असूनही मुले चुकतात, कारण कोणते काम आधीच्या कोणत्या कामावाचून अडते, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांनी सिक्स सिग्माची मांडणी केली. तिथे प्रचलित झालेली साखळी मेझरपासून सुरू होणारी, चारच टप्प्यांची होती. डिफाइन पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये जोडले गेले.

समजा, सूतगिरणीने तक्रार केली की २०० गाठींपैकी ३० गाठी ओल्या निघाल्या. १७० किलोच्या गाठीत ओलावा एक टक्का वाढला, तर जवळपास १.७ किलो पाणी रुईच्या भावाने विकले जाते. 'ओली' म्हणजे किती, हे डिफाइनमध्ये ठरवायचे. इथेच एक मेख आहे. कापसाचा प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात तो कोरड्या वजनावर. तोच ओलावा एकूण वजनावर काढला की ७.८ टक्के भरतो. गिरणी एका पद्धतीने आणि जिनिंग दुसऱ्या पद्धतीने मोजत असेल, तर भांडण निव्वळ हिशेबाचे ठरते. म्हणून तक्रार, मोजण्याची पद्धत, मर्यादा आणि कामाची हद्द प्रकल्पाच्या सनदेत आधी लिहून घ्यायची.

मेझर म्हणजे आकडे गोळा करणे, असा सर्रास समज आहे. त्याआधी ओलावा मोजणारा मीटर तपासावा लागतो. रुई मीटरमध्ये किती दाबली, यावर आकडा हलतो. दहा नमुने हवाबंद डब्यांत ठेवायचे. तीन कामगारांनी प्रत्येक नमुना दोनदा मोजायचा, आधीचा आकडा न बघता. एकूण फरकातला ३० टक्क्यांहून मोठा वाटा मोजणीचाच निघाला, तर ती मोजणी धरायची नाही. १० टक्क्यांच्या आत असेल तर ती चांगली. मधल्या पट्ट्यात काम किती नाजूक आहे ते पाहून ठरवतात. खरा ओलावा भट्टीत १०५ अंशांवर नमुना सुकवून ताडता येतो. दाब आणि रुईचे वजन ठरवून पुन्हा मोजले आणि ३० ऐवजी २२ गाठी ओल्या निघाल्या, तर २०० मध्ये २२ ही खरी सुरुवातीची स्थिती. परीक्षेत 'मापनपद्धतीची तपासणी' आणि 'सध्याची क्षमता काढणे' एकाच टप्प्यात दिली असतील, तर तपासणी आधी.

आता अ‍ॅनालाइझ. मासळीच्या सांगाड्याच्या आकृतीवर दव, ढिगाचा तळ, प्रेसआधीचा पाण्याचा फवारा असे संशयित लिहिले जातात. फार कोरडी रुई नीट दबत नाही, म्हणून फवारा मारतात. पण आकृतीवर लिहिले म्हणजे सिद्ध झाले, असे नाही. सकाळचा आणि दुपारचा माल वेगळा ठेवायचा आणि फवाऱ्याच्या आधी व नंतर मोजायचे. दोन्ही मालांत फवाऱ्याआधी फारसा फरक नसेल आणि फवाऱ्यानंतर मात्र ओलावा उसळत असेल, तर दोष फवाऱ्याच्या नोझलचा आहे, दवाचा नाही. हा टप्पा गाळून थेट उपायावर उडी मारली, तर कारण नसताना शेतकऱ्याचा भाव कापला जातो आणि गाठी ओल्याच राहतात. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी.

इम्प्रूव्हमध्ये नोझल बदलून पाण्याचे प्रमाण बांधायचे, तेही आधी एकाच प्रेसवर. ओल्या गाठी कमी झाल्या का आणि रुई दबायला त्रास होतो का, दोन्ही पाहायचे. ही चाचणी इम्प्रूव्हमध्येच मोडते. बरेच जण ती कंट्रोलमध्ये टाकतात.

कंट्रोल चार्टही असाच चकवतो. प्रक्रिया स्थिर आहे का, हे पाहायला तो मेझरमध्येही काढतात, कारण अस्थिर प्रक्रियेची क्षमता काढण्यात अर्थ नसतो. म्हणून पर्यायात फक्त 'चार्ट' हा शब्द पाहू नये, तो कशासाठी आहे ते वाचावे. सुधारणा टिकवण्यासाठी असेल तर कंट्रोल. त्यावरच्या रेषा प्रक्रियेच्या स्वतःच्या आकड्यांतून येतात. गिरणीची मर्यादा तिथे काढणे ही हमखास होणारी चूक. सोबत कंट्रोल प्लॅन लागतो: कोण मोजणार, किती गाठींमागे एक, आकडा रेषेबाहेर गेला तर फवारा कोण बंद करणार. पुढच्या हंगामात प्रेसवर नवे कामगार येतात, तेव्हा हा कागद त्यांच्या मुकादमाच्या हाती सोपवलेला असावा लागतो. क्रम लावण्याच्या प्रश्नात ही सोपवणी सर्वांत शेवटी येते.