दिलेले पॉइंट, राहिलेलं देणं

कॅनडात ‘एअर माइल्स’ नावाची पॉइंट योजना घरोघरी पोचलेली होती. किराणा घ्या, पेट्रोल भरा, माइल्स जमवा आणि त्यावर विमानाचं तिकीट किंवा वस्तू मिळवा. पाच वर्षांपेक्षा जुने माइल्स २०१६ च्या अखेरीस बाद होतील, असं कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. तारीख जवळ आली तशी लोकांची धांदल उडाली. फोन लागेनात, तक्रारी वाढल्या, ऑन्टारियो प्रांताच्या विधिमंडळात प्रश्न गेला. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने मुदतीची अट मागे घेतली.

ग्राहक सुटले, पण हिशेबाच्या वह्यांत मोठी उलथापालथ झाली. दिलेल्या माइल्सपैकी २६ टक्के कधीच वापरले जाणार नाहीत, असं कंपनी तोवर धरून चालली होती. हा अंदाज २० टक्क्यांवर आणावा लागला. फरक सहा टक्क्यांचाच, तरी मूळ कंपनीला त्यापोटी २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम एकाच फटक्यात खर्ची टाकावी लागली. त्या दिवशी कुणी एक माइलही जास्त वापरला नव्हता. बदलला होता तो फक्त अंदाज.

पॉइंट हे विक्रेत्याच्या डोक्यावरचं देणं कसं, ते एका बिलावर पाहू. समजा एक दुकान दर २० रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट देतं आणि एका पॉइंटवर पुढच्या वेळी एक रुपया सूट मिळते. ग्राहकाने १,००० रुपयांचा माल घेतला, त्याला ५० पॉइंट मिळाले. दुकानाने हजार रुपयांत दोन गोष्टी विकल्या आहेत: आजचा माल आणि उद्याची सूट. सगळे पॉइंट काही वटत नाहीत. अनुभवाने ७० टक्के वटतात असं धरलं, तर त्या ५० पॉइंटची किंमत ३५ रुपये होते. मग मिळालेले १,००० रुपये १,००० आणि ३५ या प्रमाणात वाटायचे. पॉइंटच्या वाट्याला सुमारे ३४ रुपये येतात, मालाच्या वाट्याला ९६६. आजची विक्री म्हणून ९६६ रुपयेच दाखवायचे. उरलेले ३४ ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसतात आणि पॉइंट वटतील तसतसे विक्रीत येतात.

भारतात हा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या हिशेब मानकात आहे. तो शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांसाठी आहे. ऑनलाइन साड्या किंवा भांडी विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला अशी विभागणी सक्तीची नसते, पण म्हणून त्याचं देणं कमी होत नाही. ग्राहक पॉइंट घेऊन आला की सूट द्यावीच लागते.

सगळा हिशेब त्या ७० टक्क्यांवर उभा आहे. तो आकडा दुकानाच्या स्वतःच्या ऑर्डरींतून काढावा लागतो, आणि बहुतेक दुकानं इथेच फसतात.

आधी पॉइंट देण्याचा खरा दर काढायचा: वर्षात दिलेले एकूण पॉइंट भागिले निव्वळ विक्री. योजनेच्या पाटीवर पाच टक्के असलं, तरी हिशेबात सहा-साडेसहा निघू शकतात. नाव नोंदवल्याबद्दलचे आणि वाढदिवसाचे बोनस पॉइंट कुठल्याही ऑर्डरवर नसतात, त्यामुळे फक्त ऑर्डरींची यादी पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. माल परत आला, पैसे परत गेले, पण पॉइंट खात्यातच राहिले, हेही सर्रास घडतं. काही ठिकाणी पॉइंट वापरून फेडलेल्या रकमेवरही पुन्हा पॉइंट चढतात. म्हणून ऑर्डरींच्या यादीला पॉइंटांची खतावणी जोडून पाहिल्याशिवाय हा दर खरा मानू नये.

आता पॉइंट वटण्याचा दर. वरच्याच दुकानाचं पहिलं वर्ष घेऊ. चार तिमाहींत त्याने अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार लाख पॉइंट दिले, म्हणजे एकूण दहा लाख. वर्षात वटले ३,२५,०००. मालक भागाकार करतो, साडेबत्तीस टक्के येतात, आणि दोन-तृतीयांश पॉइंट कुणी मागायला येत नाही असं समजून तो निश्चिंत होतो.

हा भागाकार फसवा आहे. शेवटच्या तिमाहीत दिलेल्या चार लाखांना वटायला अजून वेळच मिळालेला नाही, तरी ते छेदात बसले आहेत. दुकान जितकं झपाट्याने वाढतं तितका हा आकडा खोटा दिसतो.

त्यावर उपाय म्हणजे पॉइंटांच्या तुकड्या पाडणं. प्रत्येक तिमाहीत दिलेले पॉइंट ही एक तुकडी. ग्राहकाने पॉइंट वापरले की त्याच्या खात्यातले सर्वांत जुने आधी खर्ची पडले असं धरायचं आणि प्रत्येक वटलेला पॉइंट त्याच्या मूळ तुकडीत टाकायचा. या दुकानात पहिल्या तुकडीतले १० टक्के त्याच तिमाहीत वटले, पुढच्या तिमाहीत २५, मग २०, मग १५. चार तिमाहींनंतर मुदत संपते. म्हणजे मुदतीच्या आत ७० टक्के वटले आणि ३० टक्के बाद झाले. पुढच्या तुकड्याही आतापर्यंत याच वाटेने चालल्या आहेत.

पहिल्या तुकडीतले ३०,००० बाद झाल्यावर वर्षाअखेर खात्यांत ६,४५,००० पॉइंट उरतात. मालकाच्या साडेबत्तीस टक्क्यांनी त्यावर देणं येतं सुमारे २ लाख १० हजार रुपये. तुकड्यांच्या हिशेबाने दुसऱ्या तुकडीतले ३०,०००, तिसरीतले १,०५,००० आणि चौथीतले २,४०,००० अजून वटायचे आहेत. बेरीज ३ लाख ७५ हजार. एकाच दुकानाच्या त्याच ऑर्डरी, आणि देण्यात एक लाख पासष्ट हजारांचा फरक.

या फरकाची झळ विक्री मंदावते तेव्हा लागते. शेवटची तिमाही दिवाळीची होती आणि पुढे जानेवारी ते मार्च गिऱ्हाईक थंडावलं असं समजा. त्या तीन महिन्यांत दुकानाने नवा पॉइंट एकही दिला नाही, तरी जुन्या तुकड्यांतले १,९०,००० पॉइंट वटायला येणार. दिवाळीच्या गल्ल्यातून तेवढी रक्कम बाजूला काढलेली नसेल, तर सूट चालू कमाईतून द्यावी लागते, आणि ती कमाई नेमकी तेव्हाच आटलेली असते.

मागच्या तुकड्या जशा चालल्या तशाच पुढच्या चालतील, या गृहीतकालाही मर्यादा आहे. ‘तुमचे पॉइंट आठ दिवसांत संपणार’ असा एक एसएमएस सगळ्यांना गेला की शेवटच्या तिमाहीचे १५ टक्के सहज २० वर जातात. किमान १०० पॉइंटची अट ५० वर आणली, तर ज्यांचे थोडे पॉइंट पडून होते तेही वापरू लागतात. म्हणून नवी तुकडी आणि जुनी तुकडी एकाच वयाला शेजारी ठेवून पाहायची. जुन्या तुकड्यांचे पहिल्या तिमाहीत १० टक्के वटले होते. चौथीचे १४ टक्के, म्हणजे चार लाखांपैकी ४०,००० ऐवजी ५६,००० वटले असते, तर ७० टक्क्यांचा अंदाज लगेच तपासायला घ्यावा लागला असता. लोक जास्त वापरत आहेत की नुसते लवकर वापरत आहेत, हे मात्र पहिल्या तिमाहीत कळत नाही. दुसऱ्या तिमाहीचा आकडा नेहमीच्या २५ वरून २१ च्या आसपास उतरला, तर घाई झाली एवढंच. तो २५ वर टिकला किंवा वर गेला, तर देणं वाढवून धरायला हवं.