मुठीच्या आत दडलेलं पोलाद

स्वयंपाकघरातला चांगला सुरा ऑनलाइन शोधायला गेलं की ‘फुल टँग’ हे शब्द हमखास समोर येतात. टँग म्हणजे पात्याचाच मुठीत शिरलेला भाग. तो मुठीइतका रुंद असून थेट तिच्या टोकापर्यंत गेला असेल, तर फुल टँग. अशा सुऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकतात आणि मुठीच्या कडेने पोलादाची रेघ दिसत राहते. हा भाग आखूड किंवा अरुंद असेल, तर पार्शल टँग. पहिला दणकट, दुसरा तकलादू, असं जाहिराती सुचवतात. पण मग आपल्याकडच्या तलवारीचं काय करायचं?

वाकड्या पात्याच्या आणि मागे गोल चकती असलेल्या भारतीय तलवारीचा टँग आखूड असतो. तिची लोखंडी मूठ आतून पोकळ. कारागीर त्या पोकळीत लाख-राळेचा गरम लगदा भरून टँग आत रोवत. लगदा थंड झाला की पातं पक्कं. मूठ पुन्हा तापवली की ते सुटतं, म्हणून मोडकी मूठ बदलणं किंवा जुन्या पात्याला नवी मूठ बसवणं सोपं होतं. एवढ्याशा लाखेवर लढणाऱ्याने भरवसा कसा ठेवला? तर घावाचा सगळा भार लाखेवर येतच नसे. मुठीच्या पुढच्या भागातून दोन चपट्या जिभा निघून पात्याच्या मुळाला दोन्ही अंगांनी कवटाळतात. पातं मुठीच्या खाचेतही घट्ट बसलेलं असतं. लाखेचं मुख्य काम पातं निसटू न देण्याचं. मराठ्यांच्या फिरंगीत तर युरोपातून आलेलं लांब, सरळ पातं मुठीच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून रिव्हेटने जखडलेलं दिसतं.

तरीही अरुंद टँगची कमजोरी खरी आहे आणि ती साध्या हिशेबात दिसते. धारेच्या दिशेने वार केला की पात्यावर वाकवणारा जोर येतो. हा जोर पेलण्याची ताकद रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा पातं 30 मिलिमीटर रुंद आहे आणि तेवढ्याच जाडीचा टँग 10 मिलिमीटर रुंद. रुंदी तिसऱ्या हिश्शावर आली, पण ताकद नवव्या हिश्शावर. त्यातही रुंद पातं जिथे एकदम अरुंद होतं तो कोपरा काटकोनात कापलेला असेल, तर सारा ताण तिथेच एकवटतो आणि बारीक तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून जाणता लोहार तो कोपरा गोलाई देऊन सोडतो. बाहेरून मात्र हे कधीच दिसत नाही.

जपानी कटाना याच नियमांत बसते. तिचा टँग पात्यापेक्षा किंचितच अरुंद, पण चांगला लांब असतो आणि बांबूच्या एका खुंटीने मुठीत अडकवलेला असतो. अमेरिकन मरीन सैनिकांसाठी 1942 मध्ये स्वीकारलेला का-बार चाकूही फुल टँगचा नव्हे. त्याच्या अरुंद टँगवर चामड्याच्या चकत्या ओवून मूठ केलेली असते.

खरा धोका आहे तो भिंतीवर टांगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या तलवारींचा. त्यातल्या अनेकींत पात्याच्या बुडाला बारीक आटेदार सळई वेल्डिंगने जोडलेली असते आणि मुठीच्या टोकाला नट आवळलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं. वर अशा पात्यासाठी वापरलेलं स्टेनलेस पोलाद एवढ्या लांबीला बरेचदा मुळातच कडक आणि ठिसूळ असतं. हातात मूठ राहते आणि पातं समोरच्या गर्दीत जातं. मिरवणुकीत अशी तलवार फिरवणं म्हणजे शौर्य नव्हे, निव्वळ बेफिकिरी. मूठ हलवताना खुळखुळली, पातं किंचित जरी डुललं किंवा टोकाचा नट वारंवार सैल होत असेल, तर ती भिंतीवरच राहू द्यावी.

स्वयंपाकघरातली गोष्ट सौम्य आहे. भाजी-मासे कापायला अरुंद टँग पुरतो. जपानी आचारी लाकडी मुठीत रोवलेल्या अशाच सुऱ्या वापरतात. नारळ फोडताना किंवा हाडं तोडताना मात्र धक्का बसतो. तिथे फुल टँगचा जाड सुराच हवा. बंद मुठीच्या सुरीचा खरा शत्रू पाणी. सिंकमध्ये भिजत ठेवली की फटीतून पाणी आत मुरतं आणि टँग आतल्या आत गंजतो. मुठीच्या तोंडाशी तपकिरी ओघळ दिसला किंवा मूठ हाताला सैल लागली, तर ती सुरी दुरुस्त करून घ्या. तोवर तिने काही कापू नका.