टक्कल आहे, तर टक्कलच दिसू द्या

रोह्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या पंचाहत्तरीची पत्रिका छापायची होती. घरच्यांनी एआयकडून त्यांचं चित्र काढून घेतलं. वर्णन दिलं होतं, ‘75 वर्षांचे, रुबाबदार, पांढऱ्या केसांचे गुरुजी’. आलेल्या चित्रातल्या गृहस्थाच्या डोक्यावर दाट रुपेरी केस होते. गुरुजींना गेली कित्येक वर्षं टक्कल आहे.

वय सांगून केसांचं काहीच कळत नाही. पंचाहत्तरीत कुणाचं डोकं भरलेलं असतं, कुणाचं पार मोकळं. त्यात ‘रुबाबदार’ आणि ‘पांढरे केस’ शेजारी आले की यंत्र जाहिरातीतल्या आजोबांकडे झुकतं. मग घरचे ‘डोक्यावर दाट केस नकोत’ असं लिहितात. तेही बरेचदा अंगाशी येतं, कारण अशा यंत्रांना नकार नीट उमगत नाही आणि ‘दाट केस’ तेवढे ती उचलतात. म्हणून काय नाही ते सांगण्यापेक्षा केसांच्या जागी काय दिसतं ते लिहावं. फोटो समोर ठेवून कपाळापासून मागे टाळूपर्यंत नजर न्यावी आणि दिसेल तसं उतरवावं. गुरुजींचं वर्णन असं झालं:

‘कपाळापासून टाळूपर्यंत उघडी, किंचित चकाकणारी त्वचा, तिच्यावर दोन-तीन तपकिरी डाग. केस फक्त कानांच्या वर आणि मानेकडे, बारीक कापलेले, पांढरे. कानशिलाजवळ थोडे करडे. भुवया विरळ.’

टक्कल पूर्ण नसेल, तर केस कुठे विरळ आहेत ते सांगावं लागतं. कानशिलांवर मागे सरकलेत, भांग रुंदावलाय की भोवऱ्यापाशी त्वचा दिसते? नुसतं ‘विरळ केस’ म्हटलं तर यंत्र डोकंभर थोडे मोकळे केस पसरवतं. पुरुषांच्या टकलाचे टप्पे डॉक्टर हॅमिल्टन-नॉरवुड मोजपट्टीवर सातांत मांडतात. 1951ची ही मांडणी 1975मध्ये सुधारली गेली. पण ‘पाचवा टप्पा’ लिहून यंत्राला कळेलच असं नाही. जागा सांगणं खात्रीचं.

चित्र आलं की पट्टी घ्यावी. गुरुजींच्या फोटोत भुवई ते हनुवटी 6 सेंटिमीटर होतं आणि भुवईपासून वर 5 सेंटिमीटरपर्यंत केसाचा पत्ता नव्हता. पहिल्या चित्रात चेहरा मोठा आला होता, भुवई ते हनुवटी 8. त्या मानाने कपाळ साडेसहाच्या पुढे जायला हवं होतं, पण 4 वरच केस सुरू झाले होते. ही तुलना दोन्हीकडे मान सारखी असेल तरच खरी. मान खाली असली की कपाळ मोठं भासतं. फ्लॅशच्या उजेडात आणि तेल चोपडलेल्या केसांत विरळपणा आहे त्याहून जास्त दिसतो, म्हणून असा एकच फोटो प्रमाण मानू नये.

टोपीखालचं मात्र कल्पनेने लिहू नये. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांचे उतारवयातले पुष्कळ फोटो डोकं झाकलेले आहेत. त्यावरून पांढऱ्या दाढीचं वर्णन करता येतं, डोक्याचं नाही. त्यासाठी उघड्या डोक्याचा फोटो शोधावा. नाही मिळाला, तर चित्रातही टोपी राहू द्यावी.